प्रतिसाद: गलाईवाल्यांच्या गावाचा आकडा

> आमच्या विट्याकडच्या गावाचं अवलंबित्व गुणोत्तर ७९ आलं. म्हणजे शंभर कमावत्यांवर ७९ खाणारी तोंडं?

शंभर कमावते नव्हे, कमावत्या वयाचे शंभर. कोण कमावतं हे हे सूत्र विचारतच नाही, फक्त वय बघतं. कॉलेजात जाणारा एकोणीस वर्षांचा पोरगा 'कमावता' आणि सत्तरीत भांगलायला जाणारी आजी 'अवलंबून'.

तुमच्याकडे खरी मेख वेगळी आहे. समजा गावात हजार माणसं: चौदापर्यंतची २२०, पंधरा ते एकोणसाठ ५६०, साठीपुढची २२०. ४४० भागिले ५६०, गुणिले शंभर, म्हणजे ७८.६. आता गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेले १४० जण धरा. जनगणनेत ते राहतात तिथे मोजले जातात, पण घर त्यांच्याच पैशावर चालतं. त्यांना छेदात घेतलं की ४४० भागिले ७००, आकडा ६२.९ वर येतो. (बायकापोरं सोबत नेली असतील तर हा हिशोब धरू नका.)

म्हणून ७९ वरून गाव पोसलं जात नाही असं म्हणता येणार नाही. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला घरात कोण आहे, हे मात्र ७९च सांगतो.

आणि दुसऱ्या गावाशी तुलना करताना कमावत्या वयाची वरची मर्यादा बघा. कुणी साठ धरतं, कुणी पासष्ट.