शब्दचर्चा: स्लॅक, सरप्लस आणि 'कृत्रिम'चा पेच

मुक्ता: अटी पाळून खर्च कमीत कमी किंवा नफा जास्तीत जास्त करायच्या सिम्प्लेक्स पद्धतीच्या नोट्स मराठीत लिहितेय. स्लॅकला 'शिल्लक' आणि सरप्लसला 'वाढावा' हे शब्द पटले. आर्टिफिशियलला 'कृत्रिम चल' लिहिलं, तर मुलं विचारतात की खोटं आहे तर मांडायचं कशाला?

साइटवाला: आमच्याकडे स्लॅक म्हणजे एखादं काम जितके दिवस रेंगाळलं तरी पुढची तारीख हलत नाही, तेवढे दिवस. आम्ही 'सवड' म्हणतो. 'सवड चल' छान वाटेल.

जुना मास्तर: ती वेळापत्रकातली सवड, भाऊ. इथे उरलेला माल किंवा पैसा मोजायचा आहे, त्यामुळे 'शिल्लक'च बरा. मुक्ताताई, उदाहरणातून शब्द शोधू. म्हशीला रोज किमान 4 किलो खुराक हवा: x किलो मका 20 रुपये दराने, y किलो पेंड 40 रुपये दराने, आणि खिशात 100 रुपये. खर्च कमीत कमी करायचा. s हा वाढावा, t ही शिल्लक, a हा कृत्रिम चल.

```
x + y − s + a = 4
20x + 40y + t = 100
```

सिम्प्लेक्स x = y = 0 पासून निघतो. t = 100, म्हणजे सगळे पैसे शिल्लक; ठीक. पण a नसता तर s = −4 आला असता, आणि वाढावा उणे असून चालत नाही. म्हणून a = 4 धरून सुरुवात करायची आणि आधी a शून्यावर आणायचा. x आत घेतला की x = 4, a = 0, t = 20. आता a काढून टाका आणि खऱ्या खर्चाकडे वळा.

ओंकार: एवढं कशाला? पहिल्या अटीला −1 ने गुणा, ≤ होईल, नुसता स्लॅक पुरेल.

जुना मास्तर: गुणलंत तरी उजवीकडे −4 येतो आणि तो स्लॅक −4 पासूनच सुरू होतो. इथे भाव धन आहेत आणि खर्च कमीत कमी करायचा आहे, म्हणून ड्युअल सिम्प्लेक्स तिथून निघू शकतो. साधा सिम्प्लेक्स निघत नाही.

मुक्ता: सर, खिशात 60 रुपयेच असतील तर?

जुना मास्तर: मग x = 3 ला पैसे संपतात, a = 1 वर अडतो आणि पुढे उतरत नाही. याचा अर्थ सगळ्या अटी एकदम पाळणारं उत्तरच नाही. तो 1 काय आहे पाहा: म्हशीच्या दावणीत कमी पडलेला एक किलो. म्हणून मी वर्गात a ला 'तूट' म्हणत असे. मुलांना लगेच कळे की तूट भरून निघेपर्यंत नफ्यातोट्याचं बोलायचं नाही.

मुक्ता: तूट! आणि त्याच ओळीत वाढावा उणे चिन्हाने. जोडी जमली.

ओंकार: पण x − y = −2 अशी अट आली तर? उजवी बाजू धन करायला y − x = 2 लिहून a जोडणार. मूळ अटीत तीच तूट जादा ठरते. तिथे 'कृत्रिम'च बरोबर.

जुना मास्तर: हे मात्र खरं. चिन्ह बदललेल्या ओळीसाठी माझ्याकडे शब्द नाही.

मुक्ता: सध्या 'कृत्रिम' छापते आणि म्हशीच्या उदाहरणात 'तूट' लिहिते. कुणाला दोन्हीकडे चालेल असा शब्द सुचला तर सांगा.