चमचा कुठे वाजला?

> लाइट तासन्‌तास येत नाही, मेणबत्ती नकोच. चार ते बारा वर्षांची मुलं एकत्र काय खेळतील?

अंताक्षरीत धाकटी मंडळी लवकर कंटाळतात. त्यापेक्षा चमच्याचा खेळ घ्या. राज्य असलेला मधे बसतो, बाकीचे गोल करून. कुणीतरी वाटीवर चमचा एकदाच वाजवतो. मधल्याने मान न हलवता त्या दिशेला बोट धरायचं, मग क्षणभर टॉर्च लावून बघायचं. पळापळ नाही, म्हणून धडपडणंही नाही.

डावी-उजवी बाजू चिमुरडीही बरोबर सांगतात, कारण आवाज एका कानाला आधी आणि जरा मोठा पोचतो. गंमत होते ती नाकासमोर किंवा थेट पाठीमागे वाजल्यावर. तिथे दोन्ही कानांना आवाज सारखाच पोचतो आणि मोठेही कधीकधी फसतात. म्हणून वयाचा हिशेब असा ठेवा: चार वर्षांच्या मुलासाठी फक्त बाजूंनी वाजवा, मान हलवायलाही मुभा द्या. आठच्या पुढे समोर-मागेही चालेल. बारावाल्याने एक कान तळव्याने घट्ट झाकायचा, मग त्याला प्रत्येक आवाज उघड्या कानाकडूनच आल्यासारखा वाटतो आणि धाकटे त्याला आरामात हरवतात (भांडणं निम्मी होतात!).

भिंतीला चिकटून मात्र बसू नका, प्रतिध्वनीने अंदाज चुकतो.