उत्तर: ड्रॉइंगचं काम आणि उद्यमबागेतले ग्रुप

निखिल, टिळकवाडी

सगळ्यांना नमस्कार. मी मंडळाचा सभासद नाही. आत्या अबुधाबीत असते, तिनं मला मंडळाच्या या मेलच्या यादीत घातलं.

इथं बेळगावात मशिनशॉप आणि फाउंड्र्यांसाठी मी कॅडवर ड्रॉइंग करून देतो. जुन्या, तेलकट कागदावरचं ड्रॉइंग नव्यानं काढणं, कास्टिंगचं थ्रीडी मॉडेल, तपासणीच्या रिपोर्टसाठी प्रत्येक मापाला नंबर घालून बलून ड्रॉइंग, असली कामं. नोकरी सोडून आठ महिने झाले. गिऱ्हाइकं दोनच, तीही जुन्या कंपनीतल्या ओळखीची.

उद्यमबागेतल्या शॉपवाल्यांच्या दोन व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आहे. दर सोमवारी सकाळी माझ्या कामांची यादी आणि दर टाकत होतो. अकराव्या वेळी अॅडमिननी लिहिलं, "बाळ, हे आता बास कर." मागच्या महिन्यात शॉपवाल्यांच्या चहापानाला गेलो आणि चाळीस कार्डं वाटली. दोन फोन आले. एकाला भाच्याला नोकरी लावायची होती, दुसऱ्याला मला विमा विकायचा होता.

जाहिरात केली तर हाकलतात, गप्प बसलो तर मी काय करतो हे कुणाला कळायचं?

विलासकाका, शारजा

निखिल, नाउमेद होऊ नको. मी इथं बावीस वर्षं एसीचे सुटे भाग विकले. एकच सांगतो, नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. चाळीस कार्डांत काय होतंय? चारशे वाट. अॅडमिन रागावला तर सोमवारऐवजी गुरुवारी टाक. शंभरात तीन लागतात, हा माझा हिशोब कधी चुकला नाही.

अशोकराव, न्यू जर्सी

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. गणपतीत मी चंदगडच्या काजूबद्दल या यादीवर लिहिलं होतं, ते संचालकांनी का काढलं? ती जाहिरात नव्हती, माहिती होती. भाव शेवटच्या ओळीत होता फक्त.

मंजुषाताई, श्टुटगार्ट

अशोकराव, भाव शेवटच्या ओळीत असला तरी वाचणारा तिथंच पोचतो. त्याबद्दल संचालकांशी बोला, इथं निखिलचं चाललंय.

निखिल, मी शहापूरची. इकडे यायच्या आधी सहा वर्षं उद्यमबागेत हेच काम करत होते, तेही एकटीनं. विलासकाकांचं अर्धं बरोबर आहे. तू काय करतोस हे लोकांना माहीत असायलाच पाहिजे. पण शंभरात तीन हा हिशोब सुट्या भागांचा आहे. एसी बंद पडला की भाग लागतोच, तो कुणाकडून घेतला यानं बिघडत नाही. ड्रॉइंग देताना मालक स्वतःच्या गिऱ्हाइकाचा कागद तुझ्या हातात देतो. तो कार्ड बघून देत नाही. तू ड्रॉइंग कसं वाचतोस, हे त्यानं आधी बघितलेलं असावं लागतं. आणि ते बघायची जागा तोच ग्रुप आहे, जिथं तू दर टाकत बसलास.

माझं एक काम कसं आलं ते सांगते. २०१६ ची गोष्ट. एका मालकांनी रात्री साडेदहाला ग्रुपवर लिहिलं की अमेरिकेच्या पार्टीचे पन्नास ब्रॅकेट मशिन करून झाले, सगळी मापं बरोबर, पण बाजूचं भोक उलटीकडे आलंय. ऑपरेटरची चूक की ड्रॉइंगची? खाली लगेच वीस जणांची उत्तरं. ऑपरेटरला काढा, पार्टीला फोन करा, हात जोडलेली चित्रं.

मी एकच विचारलं: ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीचा फोटो टाका, पार्टीचं नाव झाकून. त्यांनी टाकला. तिथं छाटलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं, शेजारी दोन वर्तुळं. वर्तुळं शंकूच्या लहान तोंडाकडे होती, म्हणजे थर्ड अँगल. अमेरिकेत तशीच काढतात. आपण आयटीआयपासून फर्स्ट अँगल शिकतो, तिथं वर्तुळं मोठ्या तोंडाकडे येतात. आपल्या पद्धतीत डावीकडून दिसणारं चित्र उजवीकडे काढतात, त्यांच्यात डावीकडेच. ऑपरेटरनं सवयीनं वाचलं आणि भोक पलीकडे गेलं. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या पार्टमध्ये हे कधीच कळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं खपून जातं आणि एक दिवस पन्नास पीस भंगारात जातात.

मी एवढंच लिहिलं, आणि पुढं एक ओळ: "चिन्ह नसेल तर कटिंगला लावायच्या आधी पार्टीला मेल करून विचारा." "मी ड्रॉइंग करून देते" हे नाही लिहिलं. लिहिलं असतं तर वरची सगळी मदत आमिष ठरली असती. माझ्या प्रोफाइलवर नावाखाली "ड्रॉइंगचं काम, उद्यमबाग" एवढं होतं. ज्याला बघायचं त्यानं बघितलं.

त्या मालकांनी काम दिलं नाही, आजतागायत नाही! महिन्याभरानं फोन आला तो दुसऱ्याच माणसाचा. त्यानं ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. त्याच्याकडे तसलीच तीन ड्रॉइंग होती. मी शॉपवर जाऊन बघितली, तीन कागदांचा दर आणि तारीख लेखी दिली, बाकी काही विकलं नाही. पुढं दोन वर्षं त्याचं काम चाललं.

तीन गोष्टी मात्र सांभाळ. पहिली, दराची बोलणी ग्रुपवर नको. कुणी ग्रुपवर विचारलंच तर "तुम्हाला वेगळा मेसेज करतो" म्हणायचं आणि तिथंच थांबायचं. दुसरी, एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग नमुना म्हणून दुसऱ्याला दाखवू नको, नाव खोडूनही नको. बेळगाव केवढं आहे? पार्ट बघून लोक पार्टी ओळखतात, आणि मग त्यांच्या मनात येतं की हा आपलंही असंच दाखवणार. नमुना हवा तर जुन्या बाजारातून एखादा पंपाचा भाग आण, स्वतः मोजून त्याचं मॉडेल कर. तिसरी, भाषा. कुणी कन्नडमध्ये विचारलं तर मोडक्या का होईना, कन्नडमध्ये उत्तर दे. मी "सर, ड्रॉइंग नोडबेकु" एवढ्यावर सुरुवात केली होती. लोक हसले, पण मी त्यांच्या लक्षात राहिले.

चहापानाचं दुसऱ्या मेलमध्ये लिहिते, इथं जेवायची वेळ झाली.

सदानंदमामा, उद्यमबाग (मुलगी टाइप करतेय, मेलबर्नहून)

मी पाच मशिनचा मालक. ग्रुपवर जाहिरात आली की आम्ही वाचत नाही, बोट वर सरकवतो. वाईट वाटून घेऊ नये. शनिवारी रात्री ड्रॉइंग येतं, सोमवारी कोटेशन द्यायचं असतं, त्या वेळी आठवेल तो आमचा माणूस. कोण आठवतो? ज्यानं कधीतरी "हे माझं काम नाही, अमक्याकडे जावा" असं सांगितलेलं असतं तो. जो सगळंच येतं असं म्हणतो, त्याची भीती वाटते की ओ.

मंजुषाताई, श्टुटगार्ट

मामांनी माझं अर्धं काम केलं. आता चहापान.

चाळीस जणांना भेटायचंच नसतं. तिघांशी नीट बोललास तरी संध्याकाळ सार्थकी लागली. "तुम्ही काय बनवता?" असं विचारलं की लोक सवयीनं कंपनीचं माहितीपत्रक म्हणून दाखवतात. त्यापेक्षा "सध्या कुठला जॉब अडकलाय?" विचार. माणूस वीस मिनिटं बोलतो. तुझ्या कामाबद्दल तो विचारेल तेव्हा एका वाक्यात सांग, आणि परत त्याच्या जॉबकडे वळ.

एकदा एक गृहस्थ कुरकुरत होते की कास्टिंगमध्ये भोकाची जागा दर खेपेला सरकते. ते कोअर हलण्याचं लक्षण होतं, ड्रॉइंगचं नव्हे. आपण ड्रॉइंगवाले प्रत्येक दुखण्याला ड्रॉइंगच औषध म्हणून द्यायला जातो. मी घरी येऊन एका पॅटर्न करणाऱ्याला विचारलं, "तुमचा नंबर देऊ का?" तो हो म्हणाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना नंबर पाठवला. सोबत माहितीपत्रक नाही, दर नाही, "आमच्या सेवा" वगैरे काही नाही. मला त्यातून एक रुपया मिळाला नाही. पण तो पॅटर्नवाला नंतर मॉडेल लागेल तेव्हा माझं नाव सांगायला लागला. हे ठरवून होत नाही. दहा ठिकाणी केलंत तर आठ ठिकाणी काहीच होत नाही, तेही सांगून ठेवते.

इंटरनेटवरच्या इंजिनियरांच्या फोरमचंही तेच. एंग-टिप्सवर तर जाहिरात आणि विक्री नियमानंच बंद आहे. आधी नियम वाच, मग जुने प्रश्न वाच. तिथून बेळगावचं गिऱ्हाईक येणार नाही, पण कुठल्या शंकेला कसं उत्तर देतात ते हातात बसतं.

विलासकाका, शारजा

मंजुषा, हे सगळं खरं, पण पोरगा महिन्याचं भाडं कशानं भरणार? तुझ्या पद्धतीनं पहिलं काम यायला महिने लागतात. माझं म्हणणं, ज्या ग्रुपात जाहिरातीला एक वार ठरवून दिलेला असतो तिथं त्या वारी टाकायचीच. लाजायचं नाही.

मंजुषाताई, श्टुटगार्ट

वार ठरलेला असेल तर टाकावी, काका. त्यात मला काही वावगं वाटत नाही. आणि भाड्याचं खरं आहे. मी तेव्हा संध्याकाळी क्लासमध्ये शिकवत होते म्हणून तगले.

निखिल, टिळकवाडी

तीन आठवड्यांनी लिहितोय. सोमवारचा मेसेज बंद केला. एकानं कास्टिंगच्या ड्रॉइंगबद्दल विचारलं होतं की तयार मापं दिलीत, मग पॅटर्न त्याच मापाचं करायचं का. मी लिहिलं की नाही, बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, शिवाय मशिनिंगला वर माल ठेवावा लागतो, तो किती हे पॅटर्नवाल्याशी बसून ठरवा. कुणी काही बोललं नाही. दोन दिवसांनी त्यांनी खासगीत एक ड्रॉइंग पाठवलं, "जरा बघशील का?" बघितलं, दहा मिनिटांत सांगितलं. मग दुसरं आलं. काल तिसरं, आणि यात मॉडेल केल्याशिवाय सांगता येणार नाही असं आहे.

आता पैसे मागू का? मागितले तर "बघ, शेवटी आलास वळणावर" असं वाटेल का त्यांना?

विलासकाका, शारजा

मागायचे. पहिल्यालाच मागायला पाहिजे होते.

मंजुषाताई, श्टुटगार्ट

पहिल्याला नव्हते मागायचे. माझी रेघ अशी होती: वाचून सांगता येतं तोवर फुकट, फाइल उघडून मोजायला बसावं लागलं की काम. तुझं तिसरं ड्रॉइंग म्हणजे काम. "याला मॉडेल लागेल, चार तासांचं आहे, एवढे होतील, करू का?" एवढंच लिही. माफी मागू नको, समजावत बसू नको. ते गप्प बसले तर समज की त्यांना फुकटच हवं होतं, पण तरी ग्रुपवर त्यांना उत्तर देणं थांबवू नको. वाचणारे बाकीचे आहेत.

सदानंदमामा, उद्यमबाग

आम्ही असतो तर पहिलं काम निम्म्या दरात करून घेतलं असतं, खोटं कशाला बोलू. पण "करू का" म्हणून विचारणाऱ्याचा राग येत नाही.

निखिल, टिळकवाडी

काल रात्री ताईंनी सांगितलं तसंच लिहिलं. रात्रभर दोन निळ्या टिका, उत्तर नाही. आत्ता सकाळी आलं: "दर जास्त वाटायला, शॉपवर ये, पार्टच बघ." तिसऱ्या गेटाच्या पलीकडं आहे त्यांचं शॉप. दुपारी जायलोय, व्हर्नियर घेऊन. दर कमी करायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही.