मदत हवी आहे: ‘डाराउफ’ कधी गाळता येतो?

नमस्कार मंडळी, जर्मन बी-वनची तयारी करतेय. ‘वार्टन’ला ‘आउफ’ आणि ‘डेंकन’ला ‘आन’ लागतो, हे आता पाठ झालंय. बसची वाट बघत असेन तर ‘इश वार्टे डाराउफ’, पण आईची बघत असेन तर ‘इश वार्टे आउफ झी’. वस्तूला ‘डा’, माणसाला सर्वनाम. मराठीत दोन्हीकडे ‘तिची’च येतं, म्हणून सुरुवातीला फार चुकायचे. तेही जमलं.

अडतंय ते पुढे अख्खं वाक्य आलं की. परवा पत्रात मी लिहिलं, ‘इश वार्टे, डास डू आनरूफ्स्ट’. बाईंनी लाल पेनाने मध्ये ‘डाराउफ’ घातला. मग लक्षात आलं, की आपणही ‘तू फोन करशील याची मी वाट बघतेय’ असंच म्हणतो. हा ‘याची’ म्हणजेच ‘डाराउफ’! तेव्हापासून मी सगळीकडे ‘डा’ घालायला लागले.

पण त्याच पत्रातलं ‘इश एरिनरे मिश, डास वीअर डोर्ट वारन’ हे वाक्य ‘डारान’ नसतानाही बरोबर धरलंय. ‘इश फ्रॉए मिश, डास डू डा बिस्ट’ तर सर्रास ऐकू येतं, तिथेही ‘डार्यूबर’ नाही.

मग कुठल्या क्रियापदांना हा ‘डा’ लागतोच आणि कुठे गाळला तरी चालतो, हे ओळखायचं कसं? की प्रत्येक क्रियापदासोबत तेही पाठच करायचं? तुम्ही वहीत याची खूण कशी करता, तेही कृपया सांगा. लेखी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.