शब्दचर्चा: रेट डिफरन्समुळे बाकी जुळत नाहीये, ‘रिव्हाइज्ड स्टेटमेंट पाठवा’ हे नीट कसं लिहू?

आडवीतिडवी:
सप्लायरला मराठीत मेल पाठवायचाय. त्यांच्या स्टेटमेंटमध्ये आमच्याकडे 2,31,600 बाकी दिसतेय, आमच्या लेजरला 2,16,750 आहे. तीन बिलांना त्यांनी किलोला 135 लावलेत, आमच्या पीओत 120 आहे, माल एकूण 900 किलो. मी लिहिलंय ते असं:

“आपण पाठवलेल्या स्टेटमेंटमध्ये आमची थकबाकी चुकीची दाखवली आहे. सदर फरक रेट डिफरन्समुळे असून त्वरित सुधारित खातेउतारा पाठवावे ही विनंती.”

साहेब म्हणतात भांडायला निघाल्यासारखं वाटतंय. शब्द कुठले बदलू?

वेलांटी:
उतारा पुल्लिंगी आहे, ‘पाठवावा’. स्टेटमेंट ठेवलंत तर ‘पाठवावे’ चालेल. आणि ‘सदर’ काढाच, त्याने वाक्याला नोटिशीचा वास येतो.

जुनाजमाखर्च:
सगळ्यात आधी ‘थकबाकी’ काढा. मुदत टळून गेली तरी दिलं नाही ते थकलं. तुम्ही ‘आमची थकबाकी’ म्हणालात की पैसे थकवलेत हे स्वतःच्या हाताने लिहून दिलं, मग पुढे कितीही ‘चुकीची’ म्हणा. नुसतं ‘बाकी’ लिहा, किंवा ‘आमच्याकडून येणे दाखवलेली रक्कम’. त्यातल्या ‘दाखवलेली’ने काम होतं, तुम्ही मान्यही करत नाही आणि नाकारतही नाही.

‘चुकीची’पण नको. ‘आमच्या खात्याशी जुळत नाही’ म्हणा. चूक म्हटलं की कोणाची ते ठरवावं लागतं, न जुळणं दोन्ही बाजूंचं असतं.

एकओळी:
एवढं कशाला, सरळ डेबिट नोट काढा आणि पुढच्या पेमेंटमधून कापून घ्या, मेलची गरजच नाही.

पुरवठादार_मी:
मी पलीकडच्या बाजूचा, माल देणारा, म्हणून सांगतो. डेबिट नोट काढलीत की तुमचं लेजर तुमच्यापुरतं बरोबर होतं, पण माझ्याकडे जोपर्यंत कोणी ती मान्य करून क्रेडिट नोट टाकत नाही तोपर्यंत माझ्या खात्यात बिल 135 नेच उभं राहणार. तुम्ही कापून पैसे पाठवले की माझ्याकडे ते बिल अर्धवट भरलेलं दिसतं, मग वसुलीवाली पोरं तुम्हालाच फोन करतात, आणि त्यांचं चुकत नाही, त्यांना स्क्रीनवर तेवढंच दिसतं.

अजून एक, ‘सुधारित स्टेटमेंट पाठवा’ असा मेल आला की आमच्याकडे काय होतं माहितीये का? ऑपरेटर तीच प्रिंट आजच्या तारखेने परत काढून पाठवतो. स्टेटमेंट म्हणजे खात्याची नक्कल, खात्यात एन्ट्री बदलली नाही तर ते कुठून सुधारणार. त्यामुळे विनंती क्रेडिट नोटची करा, स्टेटमेंट त्याच्या मागोमाग.

आडवीतिडवी:
अरे बापरे, म्हणजे क्रियापदच चुकीच्या गोष्टीला लावलंय मी. असं केलं तर?

“दरातील फरकाची क्रेडिट नोट द्यावी व त्यानंतरचा खातेउतारा पाठवावा.”

जुनाजमाखर्च:
छान. ‘त्यानंतरचा’ हा इथे ‘सुधारित’पेक्षा कामाचा शब्द आहे कारण त्यात क्रम आला. फक्त ‘कुठल्या तारखेपर्यंतचा’ तेही लिहा, नाहीतर नवा उतारा येईपर्यंत आणखी दोन बिलं आत शिरतात आणि तुम्ही परत जुळवत बसता. आणि तो फरक पूर्ण लागतोय का? 900 गुणिले 15 म्हणजे 13,500. तुमचा फरक 14,850 येतोय.

आडवीतिडवी:
हो ते 1,350 मला कळेचना, मी म्हटलं ‘इतर किरकोळ’ लिहून टाकू.

पुरवठादार_मी:
अजिबात नको! टॅक्स किती तुमच्याकडे? 10 टक्के असेल तर तोच आहे तो. दर जास्त लागला की त्यावरचा टॅक्सपण जास्त लागतो. ‘किरकोळ’ म्हणालात तर समोरचा म्हणेल 13,500 चं बघू, बाकीचं तुम्ही द्या.

आडवीतिडवी:
10च आहे. मग ‘करासह दरफरक 14,850’. ‘भावफरक’ की ‘दरफरक’?

वेलांटी:
‘भावफरक’ ऐकलं की मला बाजारभाव वरखाली झाल्यासारखं वाटतं. इथे ठरलेला एक आणि लावलेला दुसरा, म्हणून ‘दरफरक’ बरा. ‘तफावत’ मात्र नको, त्यात कोणीतरी गडबड केल्याचा सूर लागतो, असं माझं मत.

नवीन_सदस्य_७:
आमचंपण सेम झालेलं, त्यांचं स्टेटमेंट महिनाअखेरचं आणि आमचं पेमेंट त्याच दिवशी गेलेलं, त्यांच्याकडे दोन दिवसांनी जमा झालं. तुम्ही पेमेंटची तारीख बघा आधी.

जुनाजमाखर्च:
तुमचा फरक आपोआप मिटला असेल, यांचा मिटणार नाही. पेमेंट वाटेत अडकलेलं असलं तर एखाद्या पूर्ण पेमेंटची रक्कम दिसते. इथे फरक किलोच्या पटीत बसतोय, म्हणजे तो दराचाच.

पुरवठादार_मी:
आडवीतिडवी, एक विचारतो, तिन्ही बिलं एकसारखी आहेत ना? कारण पीओचा दर 120 असताना आमच्याकडे 135 लागतो तो सहसा मास्टरमध्ये नवा दर टाकल्यामुळे.

आडवीतिडवी:
इथेच गोची आहे. 300 आणि 250 किलोची बिलं त्यांच्या दरवाढीच्या पत्राच्या आधीची आहेत. 350 वाल्याची ऑर्डर आधीची पण माल पत्रानंतर निघाला.

पुरवठादार_मी:
मग एका वाक्यात सगळं कोंबू नका. पहिल्या दोन बिलांचे 8,250 आणि टॅक्स 825, म्हणजे 9,075, यावर आमच्याकडचा कोणी भांडणार नाही. तिसऱ्याचे टॅक्ससकट 5,775 वेगळे मांडा. एकत्र लिहिलंत तर त्या 350 किलोपायी सगळीच क्रेडिट नोट अडकेल.

आडवीतिडवी:
हे घ्या:

“आपल्या उताऱ्यात आमच्याकडून येणे दाखवलेली 2,31,600 ही बाकी आमच्या खात्यातील 2,16,750 शी जुळत नाही. 14,850 चा हा फरक तीन बिलांना पीओतील 120 ऐवजी 135 दर लागल्याने, करासह आला आहे. बिलांचा तक्ता व पीओ सोबत जोडला आहे. पहिल्या दोन बिलांसाठी 9,075 ची क्रेडिट नोट द्यावी व ती नोंदवून या महिनाअखेरपर्यंतचा उतारा पाठवावा. तिसऱ्या बिलाची ऑर्डर दरवाढीपूर्वीची असल्याने त्यालाही जुना दर लागू होतो असे आम्हाला वाटते, त्याबाबत आपले म्हणणे कळवावे. वाद नसलेली रक्कम ठरल्या मुदतीत दिली जाईल.”

वेलांटी:
‘असे आम्हाला वाटते’ फार मऊ झालं. ‘असे आमचे म्हणणे आहे’ करा, पुढच्या ‘आपले म्हणणे’ला जोडही मिळते.

एकओळी:
त्वरित गेलं का?

जुनाजमाखर्च:
गेलं ते बरं झालं. तारीख टाका त्याऐवजी. आणि तो 5,775 चा आकडाही मेलमध्ये येऊ द्या, नाहीतर 9,075 ची नोट देऊन ते फाइल बंद करतील. पण तिसऱ्या बिलाला जुना दर ‘लागू होतो’ हे पीओत लिहिलंय का? दर ऑर्डरच्या तारखेचा की माल निघाल्याच्या?

आडवीतिडवी:
पीओत फक्त दर आहे, तारखेचं काहीच नाही.

पुरवठादार_मी:
आमच्या बिलामागे छापलेलं असतं की माल निघतानाचा दर लागेल.

जुनाजमाखर्च:
बिल मालाबरोबर येतं हो, ऑर्डर त्याच्या आधी स्वीकारलेली असते. मागाहून छापलेलं कसं मानायचं?

पुरवठादार_मी:
दर वेळी तेच बिल घेऊन पैसे दिलेत ना इतकी वर्षं, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही :)