प्रतिसाद: ठोकळ्यांचे बूटस्ट्रॅप

«पुण्याच्या रोजच्या तापमानावर दहा हजार वेळा बूटस्ट्रॅप केले, तरी सरासरीची प्रमाण त्रुटी संशयास्पद लहान येते.»

फेऱ्या वाढवून हे सुटणार नाही, कारण बूटस्ट्रॅप म्हणजे हातच्या नोंदींतूनच पुन्हापुन्हा नमुने उचलून अंदाज किती डळमळतो ते मोजणे, आणि साधे बूटस्ट्रॅप एकेक दिवस सुटा उचलते आणि आज तापले की उद्याही तापते हा शेजार तिथेच मोडतो. समजा, नेहमीच्या सरासरीपासूनच्या फरकाच्या ४०० दिवसांच्या नोंदी आहेत, त्यांचे प्रमाण विचलन २ अंश आहे आणि लगतच्या दिवसांतला सहसंबंध ०.६ असून तो दर दिवसामागे त्याच पटीने घटतो. साधे बूटस्ट्रॅप २/√४००, म्हणजे ०.१ अंश सांगेल, सरासरीचे खरे प्रचरण, म्हणजे प्रमाण त्रुटीचा वर्ग, मात्र त्याच्या (१+०.६)/(१−०.६), म्हणजे चौपट असल्याने खरी प्रमाण त्रुटी दुप्पट, ०.२ अंश आहे.

यावर उपाय म्हणून सांख्यिकीतज्ज्ञ क्युन्श यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत लागोपाठच्या दिवसांचे, एकमेकांवर चढणारे ठोकळे अखंड उचलून जोडतात. लांबी किती, हीच खरी मेख आहे. पुष्कळजण नोंदसंख्येचे घनमूळ धरतात, पण तो नियम फक्त वाढीचा दर सांगतो, त्याच्यापुढचा गुणक नाही. वरच्या उदाहरणात ७ दिवसांच्या ठोकळ्याने सुमारे ०.१७ आणि २० दिवसांच्याने ०.१९ येते, कारण प्रत्येक सांध्यावर थोडा शेजार तुटतोच. मी लांबी वाढवत आलेख काढतो: त्रुटी आधी चढते, मग सपाट होते, त्यापुढे ठोकळे इतके थोडे उरतात की आकडा हेलकावू लागतो. ऋतुचक्र आधी वजा केले नसेल, तर मात्र ती सपाटी शोधण्यात अर्थ नाही.