सपोर्टला 'तळ' म्हणावं की 'टेकू'? आणि 'उलाढाल' म्हणजे नेमकं काय?

सुरसागरकाठी: मंडळाच्या अंकासाठी भाच्याचा शेअर बाजारावरचा लेख मराठीत करतेय. सोबत कँडलस्टिक चार्टचा स्क्रीनशॉट आहे, सहा महिन्यांचा. भाव तीनदा उतरला, 412, 409 आणि 411 पर्यंत, आणि तिन्ही वेळा वर आला. तिथे 'सपोर्ट' लिहिलंय, मी 'तळ' केलं. शेवटी एका दिवशी खालचा खांब एकदम उंच झालाय, 1.1M. एरवी 200K च्या आसपास. त्याला 'उलाढाल वाढली' लिहू ना?

भाषाप्रेमी, मांजलपूर: 'तळ' नको. गुजरातीत टेको म्हणतात, आपल्या बडोद्यातल्या पेपरात रोज येतं. शेतमालाचे टेकाना भाव म्हणजे मराठीत हमीभाव. मग सरळ 'हमीची पातळी' करा.

जुना सबब्रोकर: टेको बरोबर, हमी चूक. हमीभावामागे सरकार उभं असतं, 409 च्या मागे कोणी उभं नाही. तिथे आधी घेणारे आले होते, एवढंच चार्ट सांगतो. 'तळ'ही नको, कारण तळ म्हटला की त्याच्या खाली काही नाही असं वाटतं. मराठीत 'टेकू' आहेच. टेकू निसटतो हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. फक्त एक आकडा लिहू नका, 'टेकूचा पट्टा, सुमारे 408 ते 415' असं लिहा.

ताई, त्या तीन दिवशी कँडलचं जाड अंग कुठे संपलंय? आणि उंचवटे कुठवर गेलेत?

सुरसागरकाठी: अंग तिन्ही वेळा 416 च्या वरच. खाली नुसती बारीक रेघ. (मेणबत्तीला बुडाकडूनही वात, हे मला अजून पचलेलं नाही!) उंचवटे 468, मग 452, मग 437.

जुना सबब्रोकर: म्हणजे दिवसात भाव 409 ला जाऊन आला, पण बंद होताना वर होता. टेकू धरला तो असा. पण उंचवटे बघा, प्रत्येक उसळी आधीपेक्षा बुटकी. घेणारे त्याच भावाला उभे आहेत, विकणारे मात्र दर खेपेला कमी भावात तयार होतायत. भाच्याने 'चढता कल' लिहिलं असेल तर खोडा. टेकू अजून आहे, पण त्यावरचा भार वाढतोय. उद्या कँडल 408 च्या खाली बंद झाली, तर हाच पट्टा पुढे वर जाताना आडवा येऊ शकतो.

भाषाप्रेमी, मांजलपूर: पण त्या मोठ्या दिवसाचा खांब हिरवा असेल तर खरेदीच जास्त झाली ना?

जुना सबब्रोकर: नाही हो. 11 लाख शेअर विकले गेले तेव्हाच 11 लाख घेतले गेले. बऱ्याच चार्टांवर हिरवा म्हणजे उघडला त्यापेक्षा वर बंद झाला, एवढंच. त्या दिवशी किती वर?

सुरसागरकाठी: 419 ला उघडून 421 ला बंद.

जुना सबब्रोकर: पाचपट शेअर फिरले आणि उघडला त्यापेक्षा भाव फक्त दोन रुपये वर बंद झाला. बहुधा कोणीतरी मोठा माल काढला आणि कोणीतरी तो शांतपणे घेतला. कोण शहाणं, हे या चित्रात नाही. त्या तारखेचे ब्लॉक आणि बल्क सौदे एक्स्चेंजच्या साइटवर बघा.

काकू, रावपुरा: माझ्या शेअरचं असंच झालं होतं! 1,800 चा भाव एका सकाळी 360. टेकूबिकू सगळं मोडलं, खांबही पाचपट. मी घाबरून विकून टाकले.

जुना सबब्रोकर: काकू, ते बहुधा स्प्लिट होतं. एकाचे पाच शेअर झाले, भाव पाचवा हिस्सा झाला. तुमच्या चार्टने मागचे भाव जुळवून घेतले नव्हते. तिथेच 'उलाढाल' कामी आली असती. उलाढाल म्हणजे किती रुपयांचा व्यवहार झाला. शेअर पाचपट आणि भाव पाचवा हिस्सा, तर रुपये जवळपास तेवढेच राहतात. खांब पाचपट असून रुपये तेवढेच दिसले, की आधी स्प्लिट किंवा बोनस शोधायचा.

म्हणून ताई, 1.1M ला उलाढाल म्हणू नका. ते 11 लाख शेअर आहेत. त्या दिवसाची उलाढाल साधारण 46 कोटी रुपये.

सुरसागरकाठी: मग व्हॉल्यूमला काय लिहू? 'शेअरसंख्या' म्हटलं तर कंपनीचे एकूण शेअर वाटतात.

भाषाप्रेमी, मांजलपूर: 'व्यवहारसंख्या'?

जुना सबब्रोकर: ते सौद्यांची संख्या होईल. एका सौद्यात हजार शेअरही असतात. आम्ही सयाजीगंजात व्हॉल्यूमच म्हणायचो.

भाषाप्रेमी, मांजलपूर: सयाजीरावांनी कारभारासाठी कोश करवून घेतलेल्या गावात व्हॉल्यूम छापायचं म्हणजे…

सुरसागरकाठी: तूर्त 'हातबदल झालेले शेअर' लिहिते, लांबलचक आहे पण कळतं. काका, अजून एक: भाच्याने चित्र कापताना वरचा कोपरा गेलाय. तिथे 1D होतं की 1W, दिसत नाही.

जुना सबब्रोकर: मग छापायच्या आधी त्याला विचारा. 1W असेल तर एक कँडल म्हणजे आख्खा आठवडा, आणि मी वर 'त्या दिवशी' म्हणून जे जे लिहिलंय ते सगळं बदलेल.